पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनंतर

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात धरणी हादरली. विसर्जन उरकून लोक झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, त्याखाली हजारो माणसं गाडली गेली. तारीख आली की मृतांना श्रद्धांजली वाहिली जाते. वाचलेल्यांच्या मनाची विचारपूस मात्र तेव्हाही कमीच झाली.

ढिगाऱ्यातून जिवंत निघालेली एखादी बाई डोळ्यांसमोर आणा. रस्त्यानं ट्रक गेला, भांडी किणकिणली की ती ताडकन उठून दाराकडे धावते. नव्या पक्क्या घरात तिला झोप येत नाही, पथारी अंगणातच. आणि गेलेल्या लेकराविषयी बोलताना डोळ्यांत टिपूस नाही. शेजारणी कुजबुजतात, ‘काळीज दगडाचं झालंय हिचं.’

दचकणं आणि हे सुन्नपण, दोन्ही एकाच धक्क्यातून आलेलं असतं. थरथर म्हणजे मरण, हे शरीरानं एका रात्रीत शिकून घेतलं. ट्रक आणि भूकंप यांतला फरक कळायच्या आत छाती धडधडू लागते. दुःख पेलवेनासं झालं की मन सगळ्याच भावना बंद करून टाकतं. त्यात माया आटलेली नसते. पहिल्या काही आठवड्यांत असं होणं स्वाभाविक आहे, आणि बहुतेकांचं ते हळूहळू ओसरतं. महिना उलटूनही झोप, काम, माणसांत मिसळणं अडत असेल, तर तज्ज्ञाची गरज आहे.

इथेच आपली घाई नडते. ‘रडून मोकळी हो’ म्हणत बाईला सगळं सांगायला लावणारे हितचिंतक कमी नसतात. (कॅमेरा घेऊन येणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.) आपत्तीनंतर लगेच एकाच बैठकीत सगळा प्रसंग वदवून घेण्याची पद्धत एकेकाळी तज्ज्ञांतही रूढ होती. तिचा उपयोग दिसला नाही, काहींना तर त्रासच झाला. आता जागतिक आरोग्य संघटनाही ती वापरू नका म्हणते. पहिल्या महिन्यात त्रास शमवण्यासाठी सरसकट झोपेच्या गोळ्या देण्यालाही तिचा नकार आहे.

जाणता समुपदेशक आधी झोपेची, जेवणाची, सोबतीची चौकशी करतो. छाती धडधडली की पाय जमिनीला टेकवून आसपासच्या वस्तू न्याहाळायला शिकवतो. मग तिच्या संमतीनं पायऱ्या ठरतात: आधी दिवसा घरात बसणं, मग दार उघडं ठेवून आडवं होणं, पुढे कधीतरी दार लोटून झोपणं. त्या पहाटेची हकीकत तिच्याच चालीनं, थोडी थोडी येते. ती हात वर करील तिथे थांबायचं, हे आधीच ठरलेलं असतं. सुन्नपण उतरू लागलं की आधी रडू फुटतं, आणि घरच्यांना वाटतं उपचारानं बिघडलं. बऱ्याचदा उपचार इथेच सुटतो. म्हणून घरच्यांना हे पहिल्याच भेटीत सांगून ठेवावं लागतं.

१९९३ साली त्या बाईला हे कुठे मिळणार होतं? आज निदान ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, आणि त्यावर मराठीत बोलता येतं.