विश्लेषण : पाकिटावरची आजी पाटीवर वेगळी का दिसते?

कांदिवलीत चारकोपला चिवडा-लाडू विकणारा एखादा घरगुती उद्योग डोळ्यांसमोर आणा. बोधचिन्ह आहे हसरी आजी. पाकिटावर तिला गोल चष्मा आणि मरून नऊवारी. दुकानाच्या फ्लेक्सवर चष्मा चौकोनी, साडी लाल. इन्स्टाग्रामवर भाच्याने केलेल्या पोस्टमध्ये तर आजी दहा वर्षांनी तरुण. गिऱ्हाइकाला हे तीन वेगळे धंदे वाटू शकतात. तिघांनाही काम देताना सांगितले होते एवढेच : ‘आपली आजी काढा, छान दिसली पाहिजे.’ चूक तिथेच आहे.

अमूलची मुलगी कशी टिकली?

१९६६ मध्ये मुंबईत सिल्व्हेस्टर डाकुन्हा यांच्या जाहिरात संस्थेत युस्टेस फर्नांडिस यांनी ही मुलगी रेखाटली. पुढे हात बदलले, जयंत राणे यांनी ती वर्षानुवर्षे काढली. होर्डिंगवर ती कधी क्रिकेटपटू होते, कधी नेता, म्हणजे कपडेही बदलतात. तरी ती लगेच ओळखू येते, कारण काही गोष्टी बदलत नाहीत : निळे केस, वर बांधलेली शेंडी, मोठे गोल डोळे, फुगीर गाल आणि नाकाचा अभाव. काय बदलायचे आणि काय नाही, याची ही वाटणी छोट्या धंद्यालाही करता येते.

ठरावीक वर्णन म्हणजे काय?

आजीचे एकदाच लिहून ठेवलेले, मोजता येणारे वर्णन. प्रत्येक कामाच्या वेळी तोच मजकूर, एकही शब्द न बदलता द्यायचा. उदाहरणार्थ :

‘साठीची आजी. डोके पूर्ण उंचीच्या एक तृतीयांश. पांढरे केस, मागे अंबाडा. गोल काळ्या काडीचा चष्मा. डोळे म्हणजे दोन काळे ठिपके. मरून नऊवारी (#7B1E2B), पिवळा काठ (#F2B705). सर्व बाह्यरेषा काळ्या, सारख्या जाडीच्या. जाडी डोक्याच्या उंचीच्या चाळिसाव्या भागाइतकी. सपाट रंग, सावली नाही.’

यात ‘गोड’, ‘मॉडर्न’, ‘आकर्षक’ असे शब्द नाहीत. असा शब्द प्रत्येक चित्रकार आपल्या मनाप्रमाणे वाचतो. ‘मरून’ हा शब्दही एकटा पुरत नाही, म्हणून शेजारी रंगाचा क्रमांक आहे. रेषेची जाडी मिलिमीटरमध्ये न देता डोक्याच्या प्रमाणात दिली, कारण तेच चित्र दोन इंचांच्या लेबलवरही जाणार आणि दहा फुटांच्या पाटीवरही.

या मजकुराखाली फक्त एक ओळ बदलती ठेवायची : ‘दिवाळी, हातात कंदील’ किंवा ‘पावसाळा, हातात छत्री’.

छपाईत काय बिघडते?

मोबाइलचा पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, छपाई शाईने. त्यामुळे पडद्यावरचा झगझगीत पिवळा फ्लेक्सवर किंवा पाकिटावर मळकट उतरू शकतो. यासाठी पडद्याच्या क्रमांकाशेजारी छपाईचे चार शाईंचे प्रमाणही लिहावे आणि पूर्ण काम सुरू करण्याआधी छोटा नमुना छापून घ्यावा.

प्लास्टिक पाकिटांच्या ग्रॅव्युअर छपाईत प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर बनतो. सिलिंडर तयार झाल्यावर ‘चष्मा चुकला’ हे लक्षात आले, तर नवा सिलिंडर आणि नवा खर्च. म्हणून वर्णन पाकिटाच्या आधी पक्के हवे. सपाट आणि मोजके रंग ठेवण्याचे हेही एक कारण आहे.

वर्णन पुरेसे आहे का?

नाही. ‘हसरी’ म्हणजे किती हसरी, हे शब्दांत पूर्ण मावत नाही. वर्णनासोबत आजीचे समोरून, बाजूने आणि तिरके अशी तीन मान्य चित्रे द्यावीत, तीही कितीही मोठी केली तरी न फाटणाऱ्या व्हेक्टर फाइलमध्ये. चित्र तयार करणारे अ‍ॅप वापरत असाल तर हे अधिकच गरजेचे, कारण तोच मजकूर दिला तरी अ‍ॅप दर वेळी थोडा वेगळा चेहरा काढते.

तपासायचे कसे?

पाकीट, पाटी आणि पोस्ट यांचे फोटो मोबाइलवर शेजारी ठेवा आणि तिन्हीकडे डोक्याचा आकार सारखा करा. आधी फोटो कृष्णधवल करून पाहा. आजी एकच वाटली नाही, तर चूक रेषेत किंवा प्रमाणात आहे. कृष्णधवलमध्ये जुळते पण रंगीत जुळत नाही, तर चूक रंगात. शेवटी चित्र व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीएवढे लहान करा. चष्मा दिसेनासा झाला, तर त्या आकारासाठी फक्त चेहऱ्याची सोपी आवृत्ती वेगळी काढून घ्या आणि तिचेही वर्णन त्याच कागदावर लिहा.

हा कागद मालकाकडे असावा, डिझायनरकडे नव्हे. डिझायनर बदलतात. तेव्हा नव्या माणसाच्या हाती पहिल्याच दिवशी हा कागद पडला, तर पुढच्या दिवाळीच्या पाकिटावरही आजी तीच राहील.