पौर्णिमेचा अंदाज: २९.५३ च्या पुढे

गेली पौर्णिमा माहीत असली की तिच्यात साडेएकोणतीस दिवस मिळवायचे आणि पुढची काढायची, ही रीत आकाशदर्शनाचे कार्यक्रम ठरवणाऱ्यांपासून दिनदर्शिकेच्या मजकुराची छाननी करणाऱ्यांपर्यंत सर्वत्र चालते. थोडे काटेकोर लोक साडेएकोणतीसऐवजी २९.५३ घेतात, त्याहून काटेकोर लोक २९.५३०५८९ घेतात आणि उत्तर मिनिटापर्यंत लिहून मोकळे होतात. आमचा आक्षेप या शेवटच्या सवयीला आहे. दशांशचिन्हापुढचे आकडे वाढवल्याने हा अंदाज सुधारत नाही, कारण चांद्रमासाच्या सरासरी लांबीत मुळी चूकच नाही. सूर्यसिद्धान्तात एका महायुगाचे सावन दिवस १,५७,७९,१७,८२८ आणि चांद्रमास ५,३४,३३,३३६ दिले आहेत. भागाकार करून पाहिला तर मासाची लांबी आजच्या मानाशी एका सेकंदाच्या दशांशाहूनही कमी फरकाने जुळते. म्हणजे २९ दिवस १२ तास ४४ मिनिटे ही संख्या आपल्या परंपरेने केव्हाच पक्की केली होती. अडचण आहे ती ही की जवळजवळ कुठलाच प्रत्यक्ष महिना इतक्या लांबीचा नसतो.

२०२४ सालच्या पौर्णिमा पाहा. २५ जानेवारीच्या पौर्णिमेपासून २४ फेब्रुवारीच्या पौर्णिमेपर्यंत २९ दिवस १८ तास ३६ मिनिटे गेली, तर १९ ऑगस्टपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत २९ दिवस ८ तास ८ मिनिटे. एकाच वर्षात साडेदहा तासांची तफावत! कारण सरळ आहे. चंद्र साधारण २७.३ दिवसांत त्याच ताऱ्याशी परत येतो, पण तोवर सूर्य सुमारे २७ अंश पुढे सरकलेला असतो. तेवढे अंतर आणि दरम्यान सूर्य आणखी जे चालेल ते भरून काढायला चंद्राला दोन दिवसांहून थोडा अधिक वेळ लागतो. हे दोन दिवस उपभूच्या आसपास आले तर चंद्र दिवसाला पंधरा अंशांपर्यंत धावतो आणि महिना आखूड होतो. अपभूच्या आसपास आले तर तो जेमतेम बारा अंश चालतो आणि महिना लांबतो. त्यात सूर्याच्या गतीची भर पडते. जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य भराभर पुढे जातो, जुलैत रेंगाळतो. २०२४ च्या फेब्रुवारीत पौर्णिमेचा चंद्र अपभूजवळ होता आणि सूर्य वेगात होता, म्हणून दोन्ही कारणांनी महिना लांबला. ऑगस्ट–सप्टेंबरमध्ये दोन्ही गोष्टी उलट होत्या.

यावर नेहमीचे उत्तर असे की आम्हाला तास नकोत, तारीख पुरे. पण तारीखही चुकते. २१ जुलै २०२४ च्या गुरुपौर्णिमेचा क्षण भारतीय प्रमाणवेळेनुसार दुपारी ३.४७ चा. त्यात मध्यम मास मिळवला तर २० ऑगस्टची पहाट, ४.३१ वाजता. प्रत्यक्षात पौर्णिमा १९ ऑगस्टला रात्री ११.५६ ला पूर्ण झाली. साडेचार तासांच्या फरकाने मध्यरात्र ओलांडली गेली आणि तारीख बदलली. आणि सणाची तारीख तर याहून निराळी गोष्ट आहे, कारण तिथे पौर्णिमान्ताचा क्षण नव्हे, तर ठरावीक वेळी तिथी असणे पाहिले जाते. २०२४ ची कोजागरी १६ ऑक्टोबरच्या रात्री झाली, कारण मध्यरात्री पौर्णिमा होती. चंद्र-सूर्य समोरासमोर आले ते १७ तारखेला दुपारी ४.५६ ला, भर उजेडात. तेव्हा मास मिळवून काढलेल्या तारखेवर सण बेतणे दुहेरी धोक्याचे आहे.

अंदाज लांबचा असेल तर आणखी एक दोष डोके वर काढतो, आणि तो सहसा ध्यानात येत नाही. आपण ज्या पौर्णिमेपासून सुरुवात करतो ती स्वतःच मध्यम पौर्णिमेच्या पुढे किंवा मागे असते, कधी कधी चौदा तासांपर्यंत. सुरुवातीचा फरक एका दिशेला आणि शेवटचा दुसऱ्या दिशेला पडला, तर चूक दिवसाहून मोठी होऊ शकते. २५ मार्च २०२४, दुपारी १२.३० च्या पौर्णिमेत बारा मध्यम मास, म्हणजे ३५४ दिवस ८ तास ४९ मिनिटे, मिळवले तर १४ मार्च २०२५ ची रात्र ९.१९ येते. खरी पौर्णिमा त्या दिवशी दुपारी १२.२५ ची होती. जवळजवळ नऊ तासांची चूक. वर्ष पुरे झाल्यामुळे सूर्य जवळपास त्याच गतीवर परत आला होता, पण चंद्राचे उपभू दुसरीकडे सरकले होते.

मग बारा महिन्यांऐवजी चौदा महिने का घेऊ नयेत? चंद्राला उपभूपासून उपभूपर्यंत २७.५५४५५ दिवस लागतात. अशा पंधरा फेऱ्यांचे ४१३.३२ दिवस होतात आणि चौदा चांद्रमासांचे ४१३.४३. फरक अडीच-पावणेतीन तासांचा. म्हणजे चौदा महिन्यांनी पौर्णिमेचा चंद्र उपभूपासून जवळजवळ तितक्याच अंतरावर येतो आणि चंद्रामुळे पडणारा मोठा फरक दोन्ही टोकांना सारखा राहून कटतो. वरच्याच २५ मार्चच्या पौर्णिमेत ४१३ दिवस १० तास १६ मिनिटे मिळवा: १२ मे २०२५, रात्री १०.४६. खरी पौर्णिमा १०.२६ ला झाली. २१ जुलै २०२४ पासून हाच हिशेब केला तर ८ सप्टेंबर २०२५, रात्री २.०३ येते आणि खरी वेळ ७ तारखेची रात्र ११.३९. इथे जवळजवळ अडीच तास चुकले आणि तारीखही चुकली, पण या चुकीचे मोठे कारण आता एकच उरले आहे: सूर्य. त्याचे मंदकेंद्र जानेवारीच्या सुरुवातीपासून दिवसाला एका अंशाहून किंचित कमी या मानाने मोजा, दोन्ही पौर्णिमांसाठी त्याची ज्या काढा, त्यांच्यातला फरक ४.१५ तासांनी गुणा आणि मिळवा. जुलैसाठी ज्या सुमारे −०.२८, सप्टेंबरसाठी −०.९०. गुणाकार उणे अडीच तासांच्या थोडा पुढे जातो आणि उत्तर साडेअकराच्या आसपास येऊन पोहोचते. दर वेळी इतके जुळेल असे नाही, लहान पदे सोडून दिल्यामुळे तासाभराचा फरक राहू शकतो.

संगणक सेकंदापर्यंत वेळ देत असताना हा खटाटोप कशाला, असे कुणी म्हणेल. प्रकाशनासाठी संगणकाचीच वेळ घ्यावी, यात वाद नाही. पण छापील कोष्टकात होऊ शकणारी एक चूक गणिताची नसून वेळेच्या मानाची असते: जागतिक वेळ भारतीय वेळ म्हणून छापली जाते आणि साडेपाच तासांचा घोळ होतो. एक मध्यम मास मिळवून केलेली तपासणी हा घोळ पकडू शकत नाही, कारण तिची स्वतःची चूकच सहा-सात तासांची असू शकते. चौदा महिन्यांची तपासणी सूर्याची दुरुस्ती न करताही साधारण चार तासांच्या आत राहते आणि दुरुस्ती केल्यावर तासाभराच्या, म्हणून ती पकडते. चौदा महिन्यांपूर्वीचे विश्वसनीय पंचांग आणि कागद-पेन्सिल एवढ्यावर ती होते.

तेव्हा वाचकांना विनंती इतकीच, की मास मिळवून काढलेली पौर्णिमा लिहिताना सुरुवातीचा क्षण, वेळेचे मान आणि पुढेमागे किती तास हे तिन्ही लिहावे. एका मासाचा अंदाज मध्यरात्रीच्या सात तास अलीकडे-पलीकडे पडत असेल, तर तारीख पंचांगात पाहिल्याशिवाय छापू नये.