येऊन राहिलो ना भाऊ!

एक जोक ऐका. अनसिंगचा पोरगा पुण्यात इंटरव्ह्यूला निघालाय. एचआरवाल्या मॅडमचा फोन येतो, ‘कुठे आहात?’ हा म्हणतो, ‘येऊन राहिलो ना मॅडम.’ मॅडम खूश. ‘अरे वा! कुठे राहिलात?’ तो म्हणतो, ‘बसमध्येच!’

हसलात? विदर्भातले असाल तर नक्की. सदाशिव पेठेतले असाल तर बहुधा अर्धंच. कारण अख्खा जोक एका क्रियापदावर उभा आहे. वऱ्हाडीत ‘येऊन राहिलो’ म्हणजे ‘येतोय’. पुणेरी कानाला मात्र ऐकू येतं ‘आलो आणि मुक्काम केला’. दोन्ही अर्थ एकाच वेळी डोक्यात असतील तरच ठिणगी पडते. अनसिंगच्या चहाच्या टपरीवर ते असतात. तिथे टीव्ही, पेपर, शाळेचं पुस्तक सगळं प्रमाण मराठीत, आणि घरी वऱ्हाडी. म्हणजे दोन्ही चॅनल चालू. पुण्याच्या कॅफेत बसलेल्या साठ अनोळखी लोकांकडे मात्र एकच.

मग कॉमेडियनने काय करायचं? सगळ्यात वाईट उपाय म्हणजे जोक झाल्यावर अर्थ सांगणं. तेव्हा लोक हसत नाहीत, ‘अच्छा’ म्हणतात. आणि ‘अच्छा’ हा कॉमेडियनच्या कानाला सगळ्यात भयंकर आवाज!

उपाय पु. ल. देशपांड्यांच्या ‘म्हैस’मध्ये सापडतो. एसटीखाली म्हैस येते आणि मग जो गोंधळ होतो त्याला आपण हसतो. पण म्हैस आडवी येण्याआधी पुलंनी काय केलंय बघा. गाडीतला एकेक प्रवासी आपल्याला भेटवलाय, त्याच्या खोडीसकट. तोही गमतीत, त्यामुळे आपल्याला माहिती दिली जातेय हे कळतच नाही. अपघात होतो तेव्हा आपण प्रेक्षक उरलेलो नसतो, त्याच गाडीतले सहप्रवासी झालेलो असतो. आता कोण काय बोलणार याचा अंदाज आपल्याला असतो, आणि तो अंदाज खरा ठरला तरी हसू येतं, चुकला तरी येतं.

तीच युक्ती आपल्या जोकला लावू या. स्टेजवर आल्यावर पहिला प्रश्न, ‘अनसिंग कोणाला माहितीये?’ एकही हात वर येत नाही. हरकत नाही! आता साठ अनोळखी लोकांत एक गोष्ट कॉमन झाली: कोणालाच माहीत नाही. ‘वाशीम-पुसद रोडवर आहे’ असं सांगितल्यावर पुसदही माहीत नसतं, मग आणखी थोडं हसू. त्यानंतर आईचा फोन. ‘काय करून राहिला रे?’ तोंडात घास भरल्याची अॅक्टिंग करत हा म्हणतो, ‘जेवून राहिलो.’ मग मित्राचा फोन, डोळे मिटूनच उत्तर, ‘झोपून राहिलो बे!’ अर्थ कुणी सांगितला नाही, तरी हॉलला कळला. आता मॅडमचा फोन येऊ द्या.

गंमत म्हणजे जोक तोच, शब्द तेच, पण हसू कुणावर येतंय ते बदललं. तयारीशिवाय सांगितला असता तर पुणेकर त्या पोराच्या मराठीला हसले असते. तयारीनंतर त्यांना वऱ्हाडी कळते आणि मॅडमला कळत नाही, म्हणून ते मॅडमला हसतात. बोलीवरच्या विनोदात खरा फरक हाच. हॉल कुणाच्या बाजूला बसवलाय? नुसता हेल काढून हशा मिळवणं सोपं असतं, पण त्यात अनसिंगचा पोरगा एकटा पडतो.

जमलं नाही हे कसं ओळखायचं? हसू तुकड्या-तुकड्यांत येतं. कोपऱ्यातली नागपूर-अकोल्याची गँग आधी फुटते, बाकीचे वळून तिच्याकडे बघतात. म्हणजे आईचा फोन कमी पडला. उलट, फोन चार-पाच झाले तर लोकांना शेवट आधीच दिसतो आणि जोकचं लेक्चर होतं. हल्ली काम थोडं सोपं झालंय. २०१४ला सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’मध्ये भारत गणेशपुरेंची वऱ्हाडी घराघरांत पोहोचली, त्यामुळे अर्धी तयारी टीव्हीने आधीच करून ठेवलीये.

आणि तयारी पक्की झाल्याची टेस्ट? सेटच्या शेवटी वेळ संपल्याचा लाल दिवा लागतो. कॉमेडियन म्हणतो, ‘हो, जाऊन राहिलो!’ आणि जागचा हलत नाही. वीस मिनिटांपूर्वी ज्यांना पुसद माहीत नव्हतं ते हसले, तर समजा, साठही जण गाडीत बसले.