फोन ठेवणाऱ्यांची मोजदाद

व्हाइटफील्डच्या काचेच्या इमारतींत दूरदूरच्या ग्राहकांचे फोन घेतले जातात आणि अहवालात ‘सरासरी प्रतीक्षा’ बहुधा समाधानकारक दिसते. ती उत्तर मिळालेल्या कॉलांचीच असेल, तर फसवी आहे. समजा, अर्ध्या तासात २०० कॉल आले. १६० जणांना सरासरी ४० सेकंदांत उत्तर मिळाले. ४० जणांनी तीन मिनिटे थांबून फोन ठेवला. अहवाल ४० सेकंद सांगेल. सर्वांचे थांबणे धरले, तर ६८. कंटाळून गेलेल्यांमुळे रांग हलकी होते, म्हणून मनुष्यबळाची उणीव आणखीच झाकली जाते.

कोपनहेगनच्या एर्लांग यांनी १९१७ मध्ये मांडलेल्या गणितानुसार, कॉलमागे तीन मिनिटे धरल्यास या २०० कॉलांचा भार २० माणसांचा होतो. पण फोन ठरावीक अंतराने येत नाहीत. म्हणून २० माणसे अपुरीच. त्यातही फोन ठेवणारे पुन्हा फोन करतात, हे त्या सूत्रात नाही. ते नोंदींतील क्रमांक ताडूनच कळते.

म्हणून कर्मचारीकपातीच्या प्रस्तावासोबत फोन ठेवणाऱ्यांचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे प्रमाण मागावे. दिवसाच्या सरासरीत सकाळची गर्दी दुपारच्या शांततेत बुडून जाते.