विज्ञानाची खिडकी : शंका असेल तेच विचारा



गेल्या हिवाळ्यात आपल्या मंडळातली तीन कुटुंबे दर रविवारी दुपारी आमच्या घरी जमत होती, हे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. "काय, रमी चालते का?" असे दिवाळीच्या कार्यक्रमात दोघातिघांनी विचारलेही. रमी नव्हती, बँडिकूट होते. त्याचीच हकीकत या वेळी सांगतो.

आमच्या घरापासून थोड्या अंतरावर, ॲडलेड हिल्समध्ये, ओढ्याच्या कडेची एक घळ आहे. तिच्यात ब्लॅकबेरीचे काटेरी रान माजले आहे. ब्लॅकबेरी इथली नव्हे, बाहेरून आलेली आहे, आणि ती काढून देशी झाडे लावावीत म्हणून स्थानिक स्वयंसेवकांचा एक गट झटतो. पण सदर्न ब्राउन बँडिकूट नावाचा छोटा प्राणी कोल्ह्या-मांजरांपासून जीव वाचवायला नेमका याच काट्यांत लपतो, कारण त्याची मूळची दाट झुडपे आता फारशी उरलेली नाहीत. घळीत तो असेल तर रान एकदम साफ करणे म्हणजे त्याच्या डोक्यावरचे छप्पर काढणे. मग आधी देशी झुडपे वाढवायची आणि ब्लॅकबेरी तुकड्यातुकड्याने काढायची. तो नसेल तर काम एका हंगामात उरकते. तेव्हा प्रश्न साधा होता : तो आहे का, आणि घळीच्या कोणत्या भागात आहे?

'बँडिकूट' हा शब्द आपल्याकडचाच. तेलुगूत घुशीला 'पंदिकोक्कु', म्हणजे डुक्कर-उंदीर, म्हणतात. त्यावरून इंग्रजांनी तो उचलला आणि इथल्या प्राण्याला चिकटवला. प्रत्यक्षात हा घुशीचा कोणीच लागत नाही, तो पोटाला पिशवी असलेल्यांच्या गोतातला. पण रात्रीच्या धूसर फोटोत तो उंदरासारखा दिसतो, आणि तिथेच आमची अडचण सुरू झाली.

गटाने घळीत आठ कॅमेरे बांधले होते. समोर काही हलले की कॅमेरा लागोपाठ तीन फोटो काढतो. सहा आठवड्यांत २४,००० फोटो जमले. त्यांतले बहुतेक वाऱ्याने हललेल्या गवताचे. आम्हाला संगणकावर असा डिटेक्टर तयार करायचा होता, जो फोटोत प्राणी दिसला की त्याभोवती चौकट आखेल आणि बँडिकूट, उंदीर, ससा, कोल्हा असे नाव देईल. त्याला शिकवायचे तर आधी माणसाने चौकटी आखून आणि नावे लिहून दाखवावे लागते. एका फोटोला अर्धा मिनिट धरला तरी २४,००० फोटोंचे २०० तास होतात. तिनांतला एकच फोटो घेतला तर ८,००० उरतात, म्हणजे सुमारे ६७ तास. एवढा वेळ कोणाकडेच नव्हता.

आम्ही पडलो रसायनशास्त्राचे. आम्हाला आठवले ते कॉलेजातले टायट्रेशन. ब्युरेटमधून अल्कली सोडताना सुरुवातीला कोणी थेंब मोजत बसत नाही. तिथे काय होणार हे आधीच ठाऊक असते. रंग बदलण्याची वेळ जवळ आली की मात्र हात आवरून एकेक थेंब सोडतो, कारण खरी माहिती तिथेच असते. फोटोंचेही तसेच आहे. भर उजेडातल्या सशाचा पन्नासावा फोटो यंत्राला नवे काही शिकवत नाही. ज्या फोटोपाशी ते अडखळते तोच शिकवतो. या पद्धतीला ॲक्टिव्ह लर्निंग म्हणतात. ज्याविषयी यंत्राला सर्वांत कमी खात्री तेच माणसाला विचारायचे, हा त्यातला नियम १९९४ साली लुइस आणि गेल या दोघांनी मजकुराची वर्गवारी करण्यासाठी मांडला होता. पुढे तो फोटोंनाही लागू झाला.

आम्ही केले ते असे. आठ हजारांतून चिठ्ठ्या टाकल्यासारखे ४०० फोटो उचलले, त्यांच्यावर नावे घातली आणि ते परीक्षेसाठी बंद पाकिटात ठेवावेत तसे बाजूला ठेवले. आणखी ३०० तसेच उचलून त्यांवर डिटेक्टर शिकवला. या ३०० मध्ये बँडिकूट भरले अवघे नऊ. मग हा अर्धवट शिकलेला डिटेक्टर उरलेल्या सगळ्या फोटोंवर चालवला. तो प्रत्येक चौकटीला शून्य ते एक असे गुण देतो. एका फोटोत 'बँडिकूट ०.९६, उंदीर ०.०२' आले. तो फोटो सोडून दिला. दुसऱ्यात 'बँडिकूट ०.४८, उंदीर ०.४४' आले. पहिल्या दोन नावांतला फरक फक्त ०.०४, म्हणून हा फोटो रांगेत वर. फोटोत चौकटी अनेक असतील तर सर्वांत डळमळीत चौकटीचाच फरक धरला. बेरीज केली असती तर कांगारूंच्या कळपाचा प्रत्येक फोटो उगाच वर आला असता. रांगेतले वरचे १५० फोटो रविवारी माणसांनी पाहायचे, डिटेक्टर पुन्हा शिकवायचा, पुन्हा रांग लावायची. अशा चार फेऱ्या ठरल्या.

पहिल्याच रविवारी फजिती झाली. १५० पैकी ११२ फोटो एकाच कॅमेऱ्याचे, एकाच वादळी दुपारचे, आणि सगळ्यांत तेच एक गवत! यंत्राला त्या गवताची शंका होती हे खरे, पण ती शंका एकच होती आणि ती त्याने ११२ वेळा विचारली. वर्गातल्या एकाच मुलाने सारखा हात वर करावा तसे झाले. तेव्हापासून नियम केला की एका फेरीत एका कॅमेऱ्याचे २० पेक्षा जास्त फोटो घ्यायचे नाहीत. शंकेबरोबर विविधताही लागते, हे आम्ही गवताकडून शिकलो.

"अरे बाबांनो, मशीनला कळत नाही ते आम्हाला काय कळणार?" असे एका काकूंनी चहा घेताना विचारले. प्रश्न रास्त होता. काही फोटो इतके धुकट असतात की कोणालाच सांगता येत नाही, आणि यंत्र ते दर फेरीत पुन्हा पुढे करते. म्हणून 'सांगता येत नाही' असा एक शेरा ठेवला आणि तसे फोटो रांगेतून कायमचे काढून टाकले. तिथे अंदाजाने नाव लिहिणे सर्वांत वाईट, कारण यंत्र आपला अंदाज सत्य म्हणून शिकते.

खरी चूक दुसऱ्या फेरीत याच काकूंच्या नजरेला पडली. एका शंकेच्या फोटोत काय आहे ते ठरेना, म्हणून त्यांनी त्याच कॅमेऱ्याचा दोन मिनिटांनंतरचा फोटो उघडला. त्यात यक्काच्या झुडपाआड बँडिकूटचे लांबोडे नाक आणि पाठ दिसत होती. डिटेक्टरने मात्र तिथे चौकटच आखली नव्हती. चौकट नाही म्हणजे गुण नाहीत, गुण नाहीत म्हणजे शंका नाही, आणि शंका नाही म्हणजे तो फोटो आमच्यापर्यंत कधीच आला नसता. यंत्राची शंका त्याला जे दिसते त्याबद्दलच असते. जे त्याला दिसलेलेच नाही त्याबद्दल ते निवांत असते. हाच या पद्धतीचा सर्वांत मोठा धोका आहे, आणि बँडिकूटसारख्या क्वचित दिसणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत तो जास्तच भोवतो.

म्हणून पुढच्या दोन फेऱ्यांत १५० पैकी १२० फोटो शंकेचे ठेवले आणि ३० वेगळे घेतले. त्यांतले १५ निव्वळ चिठ्ठ्या टाकून. पण बँडिकूट शंभरात तीनच फोटोंत असतो, तेव्हा चिठ्ठीच्या नशिबाने तो क्वचितच निघतो. म्हणून बाकीचे १५ असे निवडले की जिथे पाच मिनिटे आगेमागे बँडिकूट नक्की दिसला आहे, पण डिटेक्टरने काहीच आखलेले नाही. झुडपाआडचे आणि पाठमोरे बँडिकूट त्यांतून बाहेर आले.

आता ते बंद पाकीट उघडू. त्या ४०० फोटोंत बँडिकूटचे १२ होते. सुरुवातीच्या डिटेक्टरला त्यांतले ५ सापडले होते, चौथ्या फेरीनंतर १० सापडले. टक्केवारी मुद्दाम छापत नाही. बाराच्या हिशेबात एक फोटो इकडचा तिकडे झाला तरी आठ टक्क्यांचा फरक पडतो. पण परीक्षेचे फोटो चिठ्ठीनेच निवडलेले हवेत, हे महत्त्वाचे. शंकेच्या फोटोंवरच परीक्षा घेतली तर पेपरात फक्त अवघड प्रश्न येतात आणि यंत्र आहे त्याहून मठ्ठ ठरते. तसेच, शंकेच्या फोटोंत बँडिकूट किती निघाले यावरून घळीत ते किती असा हिशेबही करता येत नाही. ते फोटो मुळात वेचलेले असतात.

एकूण १,३०० फोटो माणसांनी पाहिले, म्हणजे सुमारे ११ तासांचे काम. मोठ्या संग्रहात बचत याहून पुष्कळ होते. टांझानियातल्या सेरेंगेटीच्या ३२ लाख फोटोंवर नोरूझादेह आणि सहकाऱ्यांनी हाच मार्ग वापरला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात केवळ १४,१०० फोटोंना नावे देऊन जवळपास तेवढीच अचूकता मिळाल्याचे दाखवले आहे. त्यांनीही फोटोतला प्राणी शोधायला तयार डिटेक्टर घेतला होता आणि माणसांना फक्त प्राण्याचे नाव विचारले होते.

शेवटी डिटेक्टर सगळ्या फोटोंवर चालवला आणि त्याने थोडासुद्धा संशय घेतलेला प्रत्येक बँडिकूट आम्ही डोळ्यांनी तपासला. आठ कॅमेऱ्यांपैकी तिघांवर बँडिकूट नक्की निघाले. तिन्ही घळीच्या खालच्या अंगाला, ओढ्याजवळचे. वरच्या पाचांवर एकही नाही. सहा आठवड्यांत दिसला नाही म्हणजे तिथे तो नाहीच, असे म्हणता येत नाही, हे आम्ही गटाला लिहून कळवले. गटाने खालच्या ब्लॅकबेरीला हात लावायचा नाही असे ठरवले. वरचीही एकदम न काढता एकेक पट्टा काढायचा आणि कॅमेरे तिथेच ठेवायचे.

म्हणजे येत्या हिवाळ्यात आणखी फोटो येणार. ज्यांना रविवारी दुपारी यायचे असेल त्यांनी चिटणिसांकडे नाव द्यावे. चहा आमच्याकडे. चष्मा मात्र आपापला आणावा.

चूकभूल द्यावी घ्यावी.