कानाचं यंत्र आणि थरथरती बोटं

कानाच्या यंत्रातला ३१२ नंबरचा सेल जेमतेम ८ मिलिमीटर रुंद असतो. हात थरथरणाऱ्या आजींनी तो साधारण दर आठवड्याला बदलायचा, म्हणजे तपकिरी स्टिकर सोलायचं, आत हवा शिरायला काही मिनिटं थांबायचं आणि अधिक चिन्हाची सपाट बाजू ओळखून इवल्याशा दारात बसवायचा. उलटा बसला तर दार लागत नाही. जोर लावला की बिजागरीच तुटते. शिवाय अंधूक नजरेला हा सेल औषधाच्या गोळीसारखा दिसतो, आणि गिळला गेला तर तातडीने दवाखाना गाठावा लागतो. अशांना मी चार्जिंगचंच यंत्र घ्या म्हणेन. पण तेही खाचेत नीट बसलं नाही, तर सकाळी मुकंच. चार्जरचा बारीक दिवा आजींना दिसणार नाही, म्हणून खरेदीआधी दुकानातच त्यांना डोळे मिटून यंत्र ठेवायला-काढायला लावा. काही वर्षांनी आतली बॅटरी दमते, आणि बऱ्याच यंत्रांत ती घरी बदलता येत नाही. गावी वीज दोन-दोन दिवस जात असेल, तर मात्र सेलवालंच बरं. त्यातही जाडसर १३ नंबरचा सेल लागणारं मॉडेल बघा, तो चिमटीत जरा तरी येतो.