"रेटसाठी इनबॉक्स करा" लिहिणं बंद करा: होलसेलच्या पोस्टमध्ये तीन गोष्टी उघड लिहा

मागच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला. "होलसेलची पोस्ट टाकतो, लाईक येतात, 'रेट?' म्हणून मेसेज येतात, पण ऑर्डर येत नाही." पोस्ट पाठवा म्हटलं, तर बहुतेक सारख्याच निघाल्या. वह्यांचा फोटो, वर मोठ्या अक्षरात "होलसेल दरात", खाली मोबाईल नंबर आणि "रेटसाठी इनबॉक्स करा".

माझं मत स्पष्ट आहे. या पोस्टमध्ये काहीच सांगितलेलं नाही, म्हणून ती चालत नाही. कमीत कमी किती माल घ्यावा लागेल, उधारी मिळेल का आणि कधीपर्यंत, आणि माल बघायचा कसा, या तीन गोष्टी लहान दुकानदाराला आधी कळायला हव्यात. त्या लपवल्या की एक डझन वह्या हव्या असणारा पालक तुम्हाला फोन करतो आणि ज्याला खरंच माल भरायचा आहे तो दुकानदार गप्प राहतो. फोन करून "आपल्याला तेवढा माल झेपणार नाही" असं सांगायची वेळ त्याला स्वतःवर आणायची नसते.

माझी चूक आधी सांगतो

खामगावात शाळेच्या मालाचं होलसेल सुरू केलं तेव्हा माझा नियम होता, "पेटी फोडणार नाही". एका पेटीत १२० वह्या. आसपासच्या एका खेड्यातल्या दुकानदाराने दोनशे पानी वह्यांच्या दोन पेट्या नेल्या. खरं तर त्याला थोड्या शंभर पानी, थोड्या दोनशे पानी, चित्रकलेच्या वह्या, पेन्सिली असं सगळं थोडं थोडं हवं होतं. मी पेटीवर अडून बसलो. सीझन संपल्यावर वसुलीला गेलो, तर निम्म्या वह्या कपाटावर तशाच होत्या. तो म्हणाला, "माल तसाच पडेल हाये भाऊ, पैसे कुठून देऊ?"

पैसे नंतर तुकड्या-तुकड्याने आले, पण तो माणूस पुन्हा माझ्याकडे आला नाही. गिऱ्हाईक वाईट नव्हतं, माझी अट चुकीची होती.

कमीत कमी ऑर्डर: रुपयात लिहा, पेटीत नको

तेव्हापासून मी अट रुपयात ठेवतो, मिक्स मालावर. आकडा कसा काढायचा ते बघा. आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे टाका.

एक ऑर्डर निघायला आपला खर्च किती होतो? माल काढून मोजणं आणि पॅकिंग यात माणसाचा वेळ ५० रुपये, खोका-सुतळी-टेप २० रुपये, आणि टेम्पोपर्यंत किंवा एसटी स्टँडपर्यंत पोचवणं ५० रुपये. एकूण १२० रुपये. ऑर्डर छोटी असो की मोठी, हा खर्च साधारण तेवढाच. मार्जिन ६ टक्के धरलं तर २,००० च्या ऑर्डरवर सुटतात १२०. म्हणजे हाती काहीच नाही. ४,००० च्या ऑर्डरवर सुटतात २४०, खर्च जाऊन १२० उरतात. म्हणून सीझनमध्ये माझी कमीत कमी ऑर्डर ४,००० ची.

पण हा झाला अर्धा हिशेब. बाकीचा अर्धा समोरच्याच्या गल्ल्यात आहे. शाळा सुरू झाल्यावर त्याचा शाळेचा माल रोज ५०० रुपयांचा विकला जातो आणि त्यात त्याचे २० टक्के सुटतात असं धरू. म्हणजे खरेदीच्या भावाने रोज ४०० चा माल उठतो. ४,००० चा माल दहा दिवसांत संपतो. हे त्याला झेपतं. तेच ऑक्टोबरमध्ये विक्री रोज १५० वर आली, तर खरेदीच्या भावाने रोज १२० चाच माल उठेल आणि तोच ४,००० चा माल तेहतीस दिवस पडून राहील. म्हणून सीझन गेल्यावर मी ही अट २,५०० वर आणतो. त्यात मला थोडेच सुटतात, पण दुकानदार माझ्याकडेच येत राहतो. नाहीतर तो दुकान बंद ठेवून बसने अकोल्याला जाईल, पन्नासेक किलोमीटर, आणि तिथेच माल घेईल.

उधारी: दिवस नको, तारीख लिहा

आता सगळ्यात महत्त्वाचं. बरेच होलसेलवाले "१५ दिवस क्रेडिट" लिहितात. पुण्या-मुंबईच्या पोस्ट बघून आपणही तेच लिहितो. पण एक गोष्ट विसरतो. उरलेल्या महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला उघडतात, आपल्या विदर्भात उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्यात.

तुम्ही १ जूनला माल दिला आणि बिलाच्या तारखेपासून १५ दिवस मोजले, तर पैसे देण्याची तारीख येते १६ जून. त्या दिवशी गावातली शाळा उघडलेलीच नसते! दुकानदाराची एक वही विकली गेलेली नसते आणि तुमचा फोन सुरू होतो. मग तो फोन उचलत नाही, तुम्ही म्हणता "माणूस बुडवा आहे". माणूस तसा नसतो, तुमची तारीखच त्याच्या गल्ल्याशी जुळत नसते.

म्हणून सीझनच्या मालाला मी तारीख लिहितो, "पेमेंट ५ जुलैपर्यंत". शाळा उघडून आठवडाभर झालेला असतो, मालाचा मोठा भाग विकला गेलेला असतो. ४,००० रुपये पाच आठवडे अडकले, तर महिना १ टक्का धरून मला साधारण ४५ ते ५० रुपये पडतात. हा खर्च खरा आहे, म्हणून तो हिशेबात धरा. आणि म्हणूनच जो लगेच रोख देतो त्याला मी १ टक्का सूट देतो, म्हणजे ४० रुपये. माझं व्याज वाचतं, वसुलीची फेरीही वाचते. त्याला जमत असेल तर त्याचाही फायदा.

दोन अटी मात्र सोडू नका. पहिली ऑर्डर रोख. आणि आधीची बाकी पूर्ण आल्याशिवाय पुढची उधारी नाही. हे पोस्टमध्येच लिहा, म्हणजे नंतर तोंडावर सांगायला जड जात नाही.

इथे एक गैरसमज दूर करतो. "माझी उद्यम नोंदणी आहे, म्हणजे ४५ दिवसांत पैसे द्यायचा कायदा मला लागू आहे," असं बरेच जण समजतात. तसं नाही. जुलै २०२१ पासून होलसेल आणि रिटेल व्यापाऱ्यांना उद्यममध्ये नोंदणी करता येते, पण त्याचा फायदा बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरता आहे. उशिरा पेमेंटचं संरक्षण माल बनवणाऱ्या आणि सेवा देणाऱ्या सूक्ष्म-लघु उद्योगांना आहे, आपण नुसता माल घेऊन विकतो, आपल्याला नाही. म्हणजे आपली ढाल एकच: बिलावर लिहिलेली तारीख आणि समोरच्याची सही.

कॅटलॉग: माल सगळ्यांना, भाव दुकानदाराला

भावासकट पीडीएफ ग्रुपवर टाकू नका. ती फिरत फिरत तुमच्याच दुकानदाराच्या गिऱ्हाईकाकडे पोचते आणि तो पालक त्याच्याशी भाव करायला लागतो. दुसरं, पीडीएफ जुनी होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्यांवरचा १२ टक्के जीएसटी शून्य झाला. जुन्या भावाची यादी कोणी दाखवली, तर तुम्ही समजावत बसणार.

माझी पद्धत अशी आहे. व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये फोटो, पानं आणि साईज असते, भाव नसतो. ती लिंक उघडी असते. भावयादी वेगळी, वर तारीख टाकलेली, आणि दुकानाचं नाव, गाव व पाटीचा फोटो आल्यावरच पाठवायची. पोस्टमध्ये नुसता नंबर देऊ नका, अशी लिंक द्या (X च्या जागी तुमचा नंबर):

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Catalogue
```

दाबल्यावर चॅट उघडतं आणि मेसेज आधीच लिहिलेला असतो. काय लिहू म्हणून कोणी अडकत नाही.

आणि ब्रॉडकास्ट लिस्टवर विसंबून असाल तर लक्षात ठेवा, ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यालाच तो मेसेज जातो. म्हणून भावयादी पाठवताना "नंबर सेव्ह करा, नवीन भाव यावरच येतील" हे वाक्य जोडा.

पूर्ण पोस्ट अशी दिसते

"शाळेचा माल, होलसेल, खामगाव. फक्त दुकानदारांसाठी.
वह्या, चित्रकला वही, पेन, पेन्सिल, कंपास. मिक्स माल चालेल, पेटी घ्यायची गरज नाही.
कमीत कमी ऑर्डर ४,००० रुपये.
पहिली ऑर्डर रोख, १ टक्का सूट. दुसऱ्या ऑर्डरपासून उधारी, पेमेंट ५ जुलैपर्यंत. आधीची बाकी आल्यावर पुढची उधारी.
शेगाव, नांदुरा, मेहकर रोडवर टेम्पोने माल पाठवू, भाडं घेणाऱ्याकडे.
कॅटलॉगसाठी खालची लिंक दाबा. भावयादीसाठी दुकानाचं नाव, गाव आणि पाटीचा फोटो पाठवा."

ही पोस्ट मेच्या मध्यालाच टाका, म्हणजे पहिली रोख ऑर्डर मेमध्ये होईल आणि उधारीची दुसरी जूनमध्ये.

काही जण म्हणतील, "सगळं उघड लिहिलं तर शेजारचा होलसेलवाला आपल्या अटी बघेल." बघू द्या. भाव तुम्ही दिलेलाच नाही. अटी तर त्याला कोणताही दुकानदार उद्या सांगेलच. आणि हो, अशा पोस्टला मेसेज कमी येतील. माझ्याही पोस्टला कमी आले. पण जे आले त्यांनी "रेट?" विचारलं नाही, त्यांनी पाटीचा फोटो पाठवला.

तुमचा माल कटलरीचा असो की चांदीच्या पैंजणांचा, तुमचा आकडा आणि तुमची तारीख वेगळी येईल. ती आधी समोरच्या दुकानदाराच्या रोजच्या विक्रीवरून काढा, मगच पोस्ट लिहा.